कोळशातला अर्धा टक्का सल्फर, ॲसिड रेन आणि एफजीडी

प्रश्न: आमचं गाव नागपूरजवळ कोराडीच्या बाजूला आहे. एक नातेवाईक पॉवर प्लांटच्या लाइनमध्ये आहेत, ते म्हणतात आपल्या कोळशात सल्फर अर्धा टक्कासुद्धा नसतो, त्यामुळे ॲसिड रेन वगैरे इथे होत नाही आणि धुरातला सल्फर काढायचं एफजीडी म्हणजे फुकटचा खर्च आहे. हे खरं आहे का? आणि ते एफजीडी नेमकं करतं काय, बिघडलं तर कळतं कसं?

उत्तर:

तुमचे नातेवाईक खोटं बोलत नाहीयेत, पण टक्क्यावर थांबलेत. मी बावीस वर्षं थर्मलमध्ये काढली, आधी केमिस्ट्री लॅब आणि मग शेवटची काही वर्षं एफजीडीच्या कमिशनिंगवर, आणि हा अर्ध्या टक्क्याचा डायलॉग मी स्वतःसुद्धा सुरुवातीला ऐटीत मारायचो. मग एकदा एका सीनियर साहेबांनी कागद-पेन हातात दिलं आणि म्हणाले टक्का सोड, तासाला किती किलो निघतो ते काढून दाखव. तेच तुम्हाला दाखवतो.

एक ५०० मेगावॅटचं युनिट घ्या, फुल लोडवर. आपल्या देशी कोळशात राखच तीस-चाळीस टक्के असते, त्यामुळे उष्णता कमी, किलोला समजा ३६०० किलोकॅलरी. एक युनिट वीज करायला साधारण २४०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे विजेच्या युनिटमागे पाऊण किलोच्या जरा खाली कोळसा, आणि ५०० मेगावॅटला तासाला ३३० टनांच्या आसपास. त्यात सल्फर ०.४ टक्का धरला तरी तासाला सव्वा टनाच्या वर सल्फर भट्टीत गेला. आता सल्फरचं वजन ३२ आणि त्याला चिकटणाऱ्या ऑक्सिजनचंही ३२, म्हणून एक किलो सल्फर जळला की दोन किलो सल्फर डायऑक्साइड होतो, ज्याला आम्ही सगळे एसओटूच म्हणतो. थोडा सल्फर राखेत अडकतो तो सोडून द्या, तरी चिमणीतून तासाला अडीच टन एसओटू बाहेर. दिवसाला साठ टन. एका युनिटचा. हे सगळं अर्ध्या टक्क्याच्याही खालच्या सल्फरमधून.

आणि यातली गंमत अशी की जो कोळसा टक्क्यात स्वच्छ दिसतो तो किलोत स्वच्छ असेलच असं नाही. समजा बाहेरून आणलेला ६००० किलोकॅलरीचा कोळसा आहे आणि त्यात सल्फर ०.६ टक्का आहे. कागदावर तो आपल्यापेक्षा दीडपट खराब. पण तेवढीच वीज करायला तो खूप कमी जाळावा लागतो, त्यामुळे दर हजार किलोकॅलरीमागे त्यातून एक ग्रॅम सल्फर येतो आणि आपल्या ०.४ टक्केवाल्यातून १.१ ग्रॅम. म्हणून कोळशाच्या रिपोर्टमध्ये सल्फरचा आकडा एकटा कधी वाचायचा नाही, शेजारचा उष्णतेचा आकडा सोबत वाचायचा.

हा सल्फर कोळशात दोन मुख्य रूपात बसलेला असतो. एक म्हणजे पायराइट, लोखंड आणि सल्फरचं खनिज, सोन्यासारखं चमकतं, नवीन पोरं खिशात घालून घरी नेतात. ते जड आणि कडक असल्यामुळे बोल मिलमध्ये नीट दळलं जात नाही आणि बरंचसं रिजेक्ट होऊन खाली पडतं, त्या रिजेक्टच्या पेटीला तर पायराइट हॉपरच म्हणतात. दुसरं रूप म्हणजे कोळशाच्या कार्बनलाच बांधलेला ऑरगॅनिक सल्फर. कोळसा धुतला की पायराइट बऱ्यापैकी जातं, ऑरगॅनिक सल्फर हलत नाही. आसामच्या कोळशाचं हेच दुखणं आहे, तिथे राख कमी, उष्णता उत्तम, पण सल्फर दोन-तीन टक्के आणि त्याहूनही वर, आणि त्यातला बहुतेक ऑरगॅनिक, त्यामुळे वॉशरी लावूनही फार काही हाती लागत नाही.

तेलाचं थोडक्यात सांगतो कारण थर्मलमध्ये तेल मुख्य इंधन नाही. रिफायनरीत क्रूड तापवून पेट्रोल-डिझेल वर काढलं की सल्फर खालच्या जड भागात साठत जातो, म्हणून फर्नेस ऑइलमध्ये तो साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत असू शकतो. जहाजंसुद्धा वर्षानुवर्षं हेच तेल जाळायची, १ जानेवारी २०२० पासून त्यांच्यावर ०.५ टक्क्याची मर्यादा आली, त्याआधी ती ३.५ होती. आमच्याकडे तेल लागतं ते युनिट पेटवताना आणि कमी लोडवर ज्योत धरून ठेवायला. थंड बॉयलर चालू करायला शंभर किलोलिटरच्या घरात तेल गेलं असं धरा, तरी त्यातून सहा-सात टन एसओटू होईल, म्हणजे कोळशावर युनिट अडीच-तीन तास चालवल्याइतकाच. टनाच्या हिशोबात किरकोळ आहे. त्रास वेगळाच आहे. जड तेलात व्हॅनेडियम असतं, ते एसओटूचा एसओथ्री व्हायला मदत करतं, आणि एसओथ्री पाण्याच्या वाफेला भेटला की सरळ सल्फ्युरिक ॲसिड. गॅस १३०-१४० डिग्रीच्या खाली कुठे गार झाला की ते ॲसिड पत्र्यावर घाम फुटावा तसं बसतं. एअर प्रीहीटरच्या थंड टोकाच्या बास्केट काढल्या की कुरतडलेल्या पापडासारख्या दिसतात ते यामुळे. आणि सुरुवातीच्या तेलाचा दुसरा त्रास एफजीडीला होतो, तो पुढे येईल.

आता ॲसिड रेन. चिमणीतून निघालेला एसओटू लगेच ॲसिड नसतो. हवेत त्याला दोन वाटा आहेत. कोरड्या हवेत उन्हामुळे तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल त्याला हळूहळू एसओथ्रीकडे नेतात, ही वाट संथ, तासाला टक्का-दोन टक्के, म्हणजे दोन-तीन दिवस, आणि तेवढ्यात वारा त्याला शेकडो किलोमीटर घेऊन जातो. दुसरी वाट ढगातली. ढगाच्या थेंबात एसओटू विरघळला आणि तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड असलं, जे हवेत थोडं नैसर्गिकरीत्या असतंच, तर काम मिनिटांत उरकतं. म्हणून आम्ल पाऊस सहसा प्लांटच्या गेटवर पडत नाही, तो लांब कुठेतरी पडतो. इंग्लंडने नेमका हाच घोळ केला. जवळच्या गावांना धूर नको म्हणून चिमण्या उंच केल्या, गावं खरंच सुधारली, आणि नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांतले मासे मेले. १९६७ मध्ये स्वांते ओडेन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे जाहीरपणे मांडलं तेव्हा आधी कोणी मानायला तयार नव्हतं. शब्द मात्र त्याच्याही खूप आधीचा, रॉबर्ट अँगस स्मिथ या केमिस्टने १८७२ मध्ये वापरलेला, मँचेस्टर आणि आसपासचा पाऊस तपासून.

मग आपल्याकडे काय? इथे तुमचे नातेवाईक अर्धे बरोबर आहेत. स्वच्छ पावसाचाही पीएच सात नसतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो ५.६ च्या आसपास येतो. त्याच्या खाली गेला तर आम्ल पाऊस म्हणायचं. पण भारतात आतल्या भागात बऱ्याच ठिकाणी पाऊस सहाच्या वरच मोजला गेलाय, कारण आपली धूळ. आपल्या मातीत चुन्याचा अंश असतो, ती उन्हाळाभर हवेत उडत असते, वर शेतातून आणि गुरांमुळे अमोनिया येतो, आणि हे दोघं मिळून ॲसिडला रस्त्यातच गाठतात. म्हणजे धुळीने आपल्याला वाचवलं, विश्वास बसणार नाही पण तसंच आहे. पावसाळा जसा मुरतो तशी धूळ धुऊन जाते आणि मग उशिराच्या पावसाचा पीएच खाली सरकतो, हेही दिसलेलं आहे.

पण ॲसिड मारलं गेलं म्हणजे सल्फर गायब झाला असं नाही ना. तो सल्फेट झाला. अमोनियाबरोबर अमोनियम सल्फेट, धुळीबरोबर कॅल्शियम सल्फेट. यातला अमोनियम सल्फेट अतिशय बारीक कण असतो, पीएम २.५ मध्ये मोजला जातो तो, आणि फुफ्फुसात खोलवर जातो. हिवाळ्यात दूरवरचं काही दिसत नाही अशी जी पांढुरकी धुरकट हवा असते त्यात याचा वाटा असतो. त्यामुळे ‘इथे ॲसिड रेन होत नाही’ या वाक्यापुढे ‘म्हणून एसओटूचा प्रॉब्लेम नाही’ हे वाक्य लावता येत नाही. पावसाचा पीएच ठीक असूनही छातीत सल्फेट जातोच.

(जाता जाता, कोणी लिटमस पेपर घेऊन अंगणातल्या बादलीतल्या पाण्यावर ॲसिड रेन सिद्ध करत असेल तर सोडून द्या. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की पट्टी नीट रंगतच नाही, आणि पत्र्यावरून आलेलं पाणी म्हणजे पत्र्याची टेस्ट. डिस्टिल्ड वॉटरने धुतलेलं भांडं पाऊस सुरू झाल्यावर उघडायचं, आणि ताज्या कॅलिब्रेट केलेल्या मीटरवर शक्यतो लगेच मोजायचं.)

आता एफजीडी, म्हणजे धुरातला सल्फर काढणं. महाराष्ट्रात हे नवीन नाहीये. डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या स्टेशनला २००७ पासून आहे. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता, चिकूच्या बागा आहेत, लोक कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून न्या. धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं आणि त्यांनी पाठपुरावा करून ते लावून घेतलं. तिथला प्रकार समुद्राच्या पाण्याचा आहे. समुद्राचं पाणी मुळातच थोडं अल्कली, त्यात गॅस धुतला की एसओटू विरघळतो, मग पाण्यात हवा मारून त्याचा सल्फेट करायचा आणि परत समुद्रात सोडायचं, समुद्रात सल्फेट आधीच लिटरमागे अडीच ग्रॅमच्या वर असतो. चुनखडी नको, जिप्सम नको. पण विदर्भात समुद्र कुठून आणणार, इकडे चुनखडीचाच मार्ग.

चुनखडीच्या एफजीडीत ईएसपीतून, म्हणजे विजेच्या जोरावर राख ओढून घेणाऱ्या यंत्रातून, राख काढून झाल्यावरचा गॅस एका मोठ्या टॉवरमध्ये नेतात, त्याला ॲबसॉर्बर म्हणतात. खालून गॅस वर चढतो आणि वरून तीन-चार मजल्यांवरच्या नोझलमधून चुनखडीच्या बारीक पिठाची पातळ स्लरी पावसासारखी पडते. पीठ म्हणजे अगदी पीठ, बॉल मिलमध्ये ओलं दळून नव्वद टक्के माल ४४ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतकं बारीक. एसओटू थेंबात विरघळतो, चुनखडी त्याला बांधते, आधी कॅल्शियम सल्फाइट होतं. टॉवरच्या तळाशी या स्लरीचं तळं असतं, त्यात ब्लोअरने हवा सोडतात, सल्फाइटचा सल्फेट होतो आणि त्याचे जिप्समचे दाणे वाढतात. मग ती स्लरी हायड्रोसायक्लोनमधून व्हॅक्यूम बेल्टवर नेऊन पाणी शोषलं की ओल्या वाळूसारखं जिप्सम हातात येतं. सिमेंटवाले घेतात.

आपल्या वरच्या युनिटचा हिशोब पुढे चालवू. अडीच टन एसओटू म्हणजे गॅसमध्ये घनमीटरला साधारण १४५० मिलिग्रॅम. डिसेंबर २०१५ च्या नियमात जुन्या ५०० मेगावॅट आणि वरच्या युनिटला मर्यादा २००, त्याहून लहान युनिटला ६००, आणि २०१७ पासून आलेल्या नव्यांना १००. आपल्याला २०० गाठायचं तर तासाला २१५० किलो पकडावा लागेल, म्हणजे ८६ टक्के. त्याला शंभर टक्के शुद्ध चुनखडी तासाला साडेतीन टनांच्या आत पुरेल, पण प्रत्यक्षात नव्वद टक्के शुद्धतेची असते आणि थोडी जास्त टाकावी लागते म्हणून चार टन धरा. जिप्सम निघेल सहा टन कोरडं, ओलावा आणि कचरा धरून सातच्या आसपास. आणि पाणी, याच्याबद्दल कोणी बोलत नाही, गॅस १३० डिग्रीवरून ५०-५५ पर्यंत गार होताना तासाला ऐंशी-नव्वद टन पाणी वाफ होऊन चिमणीतून जातं. पंप, ब्लोअर, मिल मिळून युनिटची टक्का-दीड टक्का वीज खातात. या खर्चाबद्दल नातेवाईक चिडत असतील तर मला समजू शकतं. चुनखडीतून थोडा कार्बन डायऑक्साइडही सुटतो, तासाला दीड टन, पण कोळशातून चारशे-पाचशे टन निघत असताना त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

चुनखडीवरून आठवलं, यवतमाळ-चंद्रपूरकडे चुनखडी आहे म्हणून प्रश्न मिटला असं कोणी म्हणालं तर शुद्धता विचारा. सिमेंटला ७८-८० टक्केवालीही चालते कारण त्यांना सिलिका हवीच असते. आम्हाला ती सिलिका म्हणजे पंपाच्या इंपेलरला सँडपेपर.

आता बिघाडावर येतो, कारण तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एफजीडी उभं केलं म्हणजे झालं असं नसतं, ते त्याच्या आधीच्या ईएसपीइतकंच चांगलं चालतं, आणि आपल्या भरपूर राखेच्या कोळशात हे जास्त खरं आहे. एक प्रसंग सांगतो, प्लांटचं नाव नाही सांगणार. कमिशनिंग होऊन चारेक महिने झालेले, आउटलेट एसओटू १६० वर शांत, स्लरीचा पीएच ५.६. एका रात्री दोनच्या सुमारास पीएच खाली यायला लागला, ५.४, ५.२. कंट्रोल रूममधल्या पोराने नियमाप्रमाणे चुनखडी वाढवली, ते ऑटोवर असतंच, व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडा. पीएच तरी खालीच. सकाळी सहाला ४.८ आणि आउटलेट साडेतीनशेच्या वर. मला फोन आला तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, पीएच मोजणारा प्रोब गेला.

दोन प्रोब होते, दोन्ही ठरलेल्या पीएचच्या बफरमध्ये बुडवून बघितले, बरोबर. मग चुनखडीवर संशय, लॅबने टेस्ट केली, ९१ टक्के, बरोबर. मग मी एक साधी गोष्ट केली जी प्रत्येकाने आधी करायला हवी होती. ॲबसॉर्बरची स्लरी बाटलीत घेतली आणि त्यात थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं. सोडा वॉटरसारखी फसफसून वर आली. म्हणजे स्लरीत चुनखडी भरपूर होती, पीएच मात्र पाचच्या खाली. चुनखडी आहे आणि विरघळत नाहीये. नंतर लॅबने आकडा दिला, जिथे कार्बोनेट दोन-तीन टक्के उरायला हवं तिथे आठ टक्के उरलेलं. वर टाकलेली सगळी चुनखडी नुसती साठत होती. आणि स्लरीचा रंग, एरवी मळकट पांढरा, त्या दिवशी सिमेंटसारखा करडा.

रंग बघितला आणि ईएसपीच्या पॅनलकडे गेलो. एका पासचे दोन फिल्ड, म्हणजे राख पकडणारे विजेचे कप्पे, रात्री साडेअकरालाच ट्रिप झालेले, हॉपर राखेने भरून वरपर्यंत आले होते, राखवाल्यांनी सकाळी बघू म्हणून सोडलेलं. त्यामुळे एफजीडीच्या तोंडाशी राख कितीतरी पट वाढलेली. राखेत ॲल्युमिनियम असतं, कोळशातून गॅसमध्ये थोडं फ्लोराइड येतं, स्लरीत दोघांची गाठ पडली की ॲल्युमिनियम-फ्लोराइडचं एक संयुग होतं आणि ते चुनखडीच्या दाण्यावर साल चढावी तसं बसतं. दाणा आत शाबूत, बाहेरून बंद. याला आमच्यात ब्लाइंडिंग म्हणतात, दाणा आंधळा झाला. अशा वेळी अजून चुनखडी टाकणं म्हणजे जेवण न पचणाऱ्या माणसाला अजून वाढणं.

उपाय काय केला तर आधी चुनखडी कमी केली, जे ऐकून ऑपरेटर माझ्याकडे वेड्यासारखं बघत होता. लोड कमी करून घेतला म्हणजे गॅस कमी येईल. हॉपर रिकामे करून फिल्ड परत चार्ज केले, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण राख येत राहिली तर बाकीचं सगळं फुकट. मग कॉस्टिक सोडा हळूहळू सोडला, पीएच वर आला की ॲल्युमिनियम पाण्यातून खाली बसतं, आणि स्लरीचा काही भाग बाजूच्या टाकीत काढून नवीन घेतली. पीएच परत ५.५ ला स्थिर व्हायला तीन दिवस गेले. आणि त्या तीन दिवसांचं जिप्सम सिमेंटवाल्याने परत पाठवलं, चुनखडी जास्त आणि रंग काळपट म्हणून.

सुरुवातीच्या तेलाचा त्रास म्हणालो तो याच जातीचा. युनिट पेटवताना तेल चालू असेपर्यंत ईएसपी पूर्ण लावत नाहीत, तेलकट काजळीत ठिणगी पडून आग लागायची भीती असते. जुन्या डिझाइनमध्ये गॅसला एफजीडी टाळून जायला बायपास असायचा, तो नसेल तर ती काजळी आणि न जळलेलं तेल थेट स्लरीत. मग फेस येतो, टाकीची लेव्हल खोटी दाखवते, ओव्हरफ्लोमधून स्लरी बाहेर.

दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे हवा कमी पडणं. ऑक्सिडेशन ब्लोअर दोनातला एक बंद पडला की सल्फाइट सल्फाइटच राहतं, त्याचे दाणे चपटे आणि बारीक, बेल्टवर पाणी सुटत नाही, जिप्समऐवजी दही निघतं. हे बेल्टवरचा माणूस लॅबच्या आधी सांगतो. तिसरा, टॉवरच्या वरच्या बाजूला थेंब अडवणारे मिस्ट एलिमिनेटर असतात, ते वेळेवर पाण्याने धुतले नाहीत की जिप्समने चोंदतात आणि मग उरलेल्या फटीतून गॅस जोरात जाऊन थेंब सोबत घेऊन जातो. हे बाहेरून तुम्हालाही कळेल: चिमणीच्या आसपास, वारा असेल तिकडे, गाडीच्या काचेवर वाळल्यावर पांढरे ठिपके. बोटाने घासलं तर खडूसारखं लागतं.

चिमणीच्या पांढऱ्या धुराबद्दल लोक घाबरतात तेही सांगून टाकतो. एफजीडी लावल्यावर चिमणीतून जाडजूड पांढरा लोट निघायला लागतो कारण गॅस ओला असतो, ती पाण्याची वाफ. चिमणीपासून काही अंतरावर तो विरून जातो, हिवाळ्यात लांब जातो, उन्हाळ्यात लगेच. विरल्यानंतरही मागे निळसर रेघ लांबवर राहत असेल तर ती मात्र वाफ नाही, तो एसओथ्रीचा ॲसिड मिस्ट असू शकतो, त्याचे थेंब इतके बारीक असतात की हा टॉवर त्यांना फारसा पकडतच नाही. आणि एफजीडी नसलेल्या चिमणीतून काही दिसत नाही म्हणून काही निघत नाही असं समजू नका, एसओटूला रंग नसतो.

नियमाचं सध्याचं चित्र असं की मूळ मुदत २०१७ ची होती, ती पुढे पुढे ढकलली गेली, आणि ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने प्लांट तीन वर्गांत राहिले तसेच पण सक्ती बदलली. दिल्लीच्या एनसीआर किंवा दहा लाखांवरच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतले, म्हणजे अ वर्ग, त्यांना २०२७ अखेर. अतिप्रदूषित भाग किंवा हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांजवळचे ब वर्ग, त्यांचं एकेक प्रकरण बघून ठरणार. बाकी सगळे, आणि देशातली तीन चतुर्थांशाहून जास्त युनिटं यातच येतात, त्यांना एसओटूच्या मर्यादेतून सूट, फक्त चिमणीच्या उंचीचा निकष पाळायचा. मला स्वतःला ही उंचीवाली अट वाचून ओडेनची तळी आठवली, बाकी काही बोलत नाही. कमी सल्फरच्या कोळशाला इतका खर्च लावायचा का हा वाद प्रामाणिक आहे, दोन्ही बाजूंनी हुशार माणसं आहेत. तुमच्या बाबतीत नागपूर दहा लाखांच्या वरचं शहर आहे, त्यामुळे कुठलं युनिट कुठल्या वर्गात आहे ते यादीत बघून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आणि जनसुनावणीला गेलात किंवा माहिती अधिकारात आकडे मागितलेत तर एक पकडून ठेवा, एसओटूच्या आकड्याशेजारी ऑक्सिजनचा आकडा मागा. मर्यादा सहा टक्के ऑक्सिजनवर आहे. डक्टमध्ये कुठून बाहेरची हवा आत शिरत असेल तर गॅस पातळ होतो आणि एसओटू आपोआप कमी दिसतो. दुरुस्ती अशी करतात:

```
दुरुस्त SO2 = मोजलेला SO2 × (21 − 6) / (21 − मोजलेला O2)
190 × 15 / (21 − 9) = 237.5
```

म्हणजे मॉनिटरवर १९० आहे, दोनशेच्या आत आहे म्हणून टाळ्या, पण ऑक्सिजन नऊ टक्के असेल तर खरा आकडा २३७ आणि मर्यादा ओलांडलेली. सरासरी महिन्याची नको, तासातासाची मागा, आणि त्याच तारखांचा ईएसपीचे किती फिल्ड चालू होते तो लॉगही. वरच्या प्रसंगातल्या त्या रात्रीचा हिशोब महिन्याच्या सरासरीत कधीच दिसला नसता.